नव्या पुरवठादारास पहिले चौकशीपत्र : डाळीच्या पाकिटांचे उदाहरण

उदगीर परिसरातील तूर डिसेंबर-जानेवारीत खळ्यावर येते, आणि तेथून तिचा पुष्कळसा भाग उदगीरच्या आडत बाजारातून डाळमिलकडे जातो. हा मार्ग जुना आहे. परंतु अलीकडे काही शेतकरी गट व महिला बचत गट लहान डाळमिल घेऊन गावातच डाळ करू लागले आहेत आणि ती एक किलोच्या पाकिटांत भरून थेट घरगुती ग्राहकांस विकू पाहत आहेत. तूर कशी वाळवावी, भिजवण किती द्यावी, तेलाचा हात किती लावावा हे या गटांना ठाऊक असते. अडचण येते ती पाकिटांची. ही वस्तू त्यांनी पूर्वी कधी घेतलेली नसते, ती तयार करणारा कारखाना हैदराबादेस, पुण्यास किंवा मुंबईकडे असतो, आणि त्याच्याशी त्यांची ओळख नसते. आडतीवर समोरासमोर बसून जे काम अर्ध्या तासात होते, तेच येथे एका कागदावर अवलंबून राहते.

बहुतेक गटांचे पहिले पत्र पुढीलप्रमाणे असते : 'आम्हास डाळीची पाकिटे पाहिजेत. तरी सर्व माहिती व भाव त्वरित कळवावा.' पत्रात उद्धटपणा नाही. तरीही त्यास उत्तर देणे कारखानदारास शक्य होत नाही. पाकीट किती मापाचे, कोरे की छापील, एक हजार की एक लाख, यांपैकी काहीच त्यास कळत नाही, आणि या प्रत्येक गोष्टीने भाव बदलतो. असे पत्र बाजूस पडते. उत्तर आलेच, तर ते 'फोन करा' एवढेच असते, आणि फोनवर झालेल्या बोलण्याचा पुढे पुरावा उरत नाही. पत्रात सभ्यता हवी ती नमस्कार-चमत्कारापुरती नव्हे. वाचणाऱ्यास एका बैठकीत उत्तर लिहिता यावे इतकी तयारी आपण करून देणे, ही व्यापारी पत्रातील खरी सभ्यता होय.

ही तयारी पत्र लिहिण्यापूर्वी करावयाची असते. एका गटाचे उदाहरण घेऊन ती कशी करावी ते पाहू. समजा, गटाजवळ ८० क्विंटल तूर आहे. लहान डाळमिलवर क्विंटलमागे साधारणतः ७० किलो डाळ धरली, तर ५६ क्विंटल डाळ होईल. त्यातील निम्मी डाळ किराणा दुकानदारांस ३० किलोच्या कट्ट्यांतून जाणार आहे. उरलेली २८ क्विंटल, म्हणजे २,८०० किलो, एक किलोच्या पाकिटांत भरावयाची आहे. भरताना काही पाकिटे फाटतील, काहींचा जोड बिघडेल. म्हणून गटाची वर्षाची गरज ३,००० पाकिटांची धरावी.

आता हीच गरज वजनात किती होते ते काढावयास हवे, कारण पाकिटांचे कारखाने पुष्कळदा नगावर बोलत नाहीत, किलोवर बोलतात. एक किलो डाळीस सुमारे १८ सेंटिमीटर रुंद व २७ सेंटिमीटर उंच पाकीट पुरते. दोन्ही बाजू मिळून त्यास ९७२ चौरस सेंटिमीटर कापड लागते. त्या धंद्यात यास फिल्म म्हणतात. किराणा मालासाठी वापरली जाणारी फिल्म बहुधा दुपदरी असते. बाहेरचा पातळ, चकचकीत पदर पॉलिएस्टरचा, १२ मायक्रॉन जाडीचा, आणि आतला मऊ पदर पॉलिथिनचा, आपण ५० मायक्रॉनचा धरू. बाहेरचा पदर छपाई व ताठरपणा देतो, आतला पदर उष्णतेने वितळून जोड धरतो. अशा फिल्मचे वजन, मधला चिकटा व शाई धरून, चौरस मीटरला सुमारे ६६ ग्रॅम भरते. त्या हिशोबाने एक रिकामे पाकीट ६.४ ग्रॅमचे होईल. तीन हजार पाकिटे म्हणजे एकूण १९ किलोंच्या थोडी वर फिल्म. एवढीच आपली गरज आहे. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढील सर्व बोलणे त्याच्याभोवती फिरणार आहे.

आता कारखान्याच्या बाजूने पाहू. छापील फिल्म बहुधा कोरलेल्या रुळांवर छापली जाते. या रुळांना तेथे सिलिंडर म्हणतात. चित्रात जितके रंग, तितके सिलिंडर. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चित्रासाठी ते नव्याने कोरवावे लागतात आणि त्यांचा खर्च गिऱ्हाइकाकडूनच घेतला जातो. यंत्रावर रूळ चढविल्यावर सर्व रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत बरीच फिल्म वाया जाते. दहा किलो छापावयाची असो वा पाचशे किलो, ही नासाडी व यंत्र जुळविण्याचा वेळ सारखाच. म्हणून कारखानदार म्हणतो की, एका चित्राची अमुक किलोपेक्षा कमी छपाई मी घेणार नाही. यालाच किमान मागणी म्हणावयाचे. ती लहान गिऱ्हाइकास टाळण्यासाठी काढलेली युक्ती आहे असा समज करून घेऊ नये; तिच्यामागे वरील हिशोब असतो.

समजा, उत्तर आले की किमान मागणी एका चित्रास २०० किलो. एका किलोत वरील मापाची साधारण १५५ पाकिटे बसतात. म्हणजे २०० किलोंत ३१,००० पाकिटे. गटाची गरज वर्षाला तीन हजार. हा साठा दहा वर्षे पुरेल! दहा वर्षांत गटाचा पत्ता बदलेल, दूरध्वनी क्रमांक बदलेल, कदाचित अन्न परवान्याचा वर्ग बदलेल. आणि छापून ठेवलेली प्रत्येक पिशवी त्या दिवसापासून निरुपयोगी ठरेल. भांडवलही अडकून पडेल ते वेगळेच. किमान मागणी न विचारता, केवळ नगाचा भाव स्वस्त दिसतो म्हणून पुढे जाणाऱ्या गटाची अशीच अडचण होते, कारण स्वस्त भाव नेहमी मोठ्या राशीचाच असतो.

तेव्हा किमान मागणी किती, हा प्रश्न मोघम विचारून चालत नाही. तो तीन प्रकारे सोडवून विचारावयास हवा. कोऱ्या पाकिटांची किमान मागणी किती. ती पुष्कळदा काही किलोंवर किंवा एका गठ्ठ्यावर भागते, कारण कोरा माल तयारच असतो. सिलिंडरने छापलेल्या पाकिटांची किती, आणि ती प्रत्येक मापास व प्रत्येक चित्रास वेगळी की सर्व मिळून. आणि सिलिंडरवाचून, संगणकावरून थेट छपाई करण्याची सोय आहे काय, असल्यास तिची किमान मागणी किती. या शेवटच्या पद्धतीत एका पाकिटाचा भाव अधिक पडतो, परंतु सिलिंडरचा खर्च नसतो व थोडा माल मिळू शकतो. हे तीन प्रश्न वेगळे लिहिले की उत्तरही तीन आकड्यांत येते, आणि गटाच्या बैठकीत त्यांची तुलना करता येते.

गरज लहान आहे हे पत्रात लपवू नये. पुष्कळांस वाटते की 'दरमहा लाखभर पाकिटे लागतील' असे लिहिले म्हणजे भाव उतरेल. तसे होत नाही. कारखानदार लाखाचा भाव कळवितो, नमुनेही पाठवितो, आणि तीन हजारांची मागणी गेली की तो भाव लागू नाही असे सांगतो. त्यात त्याची चूक नसते. पत्रव्यवहाराचे सारे दिवस मात्र वाया गेलेले असतात, आणि हंगाम तर थांबत नाही. खरा आकडा लिहावा, पुढील वर्षी तो वाढण्याची सकारण अपेक्षा असल्यास तीही लिहावी.

मालसूची, म्हणजे ज्यास व्यापारी कॅटलॉग म्हणतात, ती मागतानाही कोणत्या भागाची हवी ते सांगावे. पाकिटांच्या कारखान्याच्या सूचीत चहा, मसाले, फरसाण, बियाणे, पशुखाद्य अशा सर्वांसाठीचे प्रकार असतात. आपणास डाळ-कडधान्यांसाठीचा भाग हवा, आणि त्यात प्रत्येक प्रकारापुढे तीन गोष्टी दिलेल्या हव्यात : माप, पदरांची नावे व प्रत्येक पदराची जाडी. ज्या सूचीत नुसती रंगीत चित्रे आहेत व जाडी नाही, ती पाहावयास सुंदर असली तरी तिच्यावरून मागणी देता येत नाही. सूचीबरोबर दरपत्रक असल्यास तेही मागावे. मात्र पहिल्याच पत्रात भाव कमी करण्याची विनंती किंवा उधारीची मागणी करू नये. वस्तू न पाहता केलेली घासाघीस कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

नमुन्याच्या बाबतीत घोटाळा होतो, कारण नमुना हा शब्द तीन निराळ्या वस्तूंस लावला जातो. पहिला, तयार कोऱ्या पाकिटाचा. तो बहुधा विनामूल्य किंवा टपालखर्चावर मिळतो. दुसरा, दुसऱ्या एखाद्या गिऱ्हाइकासाठी छापलेल्या मालातील उरलेले पाकीट. त्यावरून छपाईची सफाई कळते, तोही सहज मिळतो. तिसरा, आपल्या स्वतःच्या चित्राचा छापील नमुना. हा सिलिंडर कोरल्याशिवाय खऱ्या अर्थाने निघत नाही. म्हणून 'आमच्या नावाचे दोन नमुने फुकट पाठवावे' अशी मागणी केली की कारखानदारास हे गिऱ्हाईक अगदी नवखे आहे हे कळून चुकते. पहिल्या पत्रात पहिले दोन नमुने मागावे, तिसऱ्याविषयी केवळ पद्धत व खर्च विचारावा. कोरे नमुने किमान दहा मागावेत, कारण एका पाकिटावर परीक्षा होत नाही. आणि नमुन्याचे मूल्य व टपालखर्च देण्याची तयारी असल्याचे आपण होऊन लिहावे. या एका वाक्याने उत्तर येण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

या सर्व गोष्टी ध्यानात घेऊन पत्र पुढीलप्रमाणे लिहिता येईल. कंसातील जागी आपापला तपशील घालावा.

(गटाचे नाव)
मु. पो. (गाव), ता. उदगीर, जि. लातूर, पिन (क्रमांक)
दूरध्वनी (क्रमांक)
जावक क्रमांक १४
दि. ६ ऑक्टोबर (वर्ष)

मा. व्यवस्थापक, विक्री विभाग,
(कारखान्याचे नाव व पत्ता) यांस

विषय : तूरडाळीच्या एक किलोच्या पाकिटांसंबंधी चौकशी – मालसूची, किमान मागणी व नमुने.

महोदय,

स. न. वि. वि.

आमचा अठरा शेतकऱ्यांचा गट असून आम्ही आमच्या शेतातील तुरीची डाळ तयार करतो. ती येत्या फेब्रुवारीपासून एक किलोच्या पाकिटांतून विकण्याचा आमचा विचार आहे. आपल्या कारखान्याचे नाव आम्हास उदगीर येथील एका किराणा व्यापाऱ्याकडून समजले.

आम्हास सुमारे १८ × २७ सेंटिमीटर मापाची, तीन बाजूंनी जोडलेली व वरून उघडी, दुपदरी पाकिटे हवी आहेत. पहिल्या वर्षाची आमची गरज सुमारे ३,००० पाकिटांची आहे. याहून योग्य माप किंवा जाडी आपण सुचवू शकत असाल तर त्याचा आम्ही अवश्य विचार करू.

कृपया पुढील माहिती कळवावी ही विनंती.

१. डाळ व कडधान्यांसाठीच्या पाकिटांची मालसूची व असल्यास दरपत्रक. प्रत्येक प्रकाराचे माप, पदर व जाडी दिलेली असावी. दर जीएसटी धरून आहेत की वेगळा, आणि माल उदगीरपर्यंत पोहोचविण्याचा खर्च त्यात आहे काय, हेही कळावे.

२. किमान मागणी : कोऱ्या पाकिटांची, सिलिंडरने छापलेल्या पाकिटांची, एका चित्रास, व सिलिंडरवाचून छपाईची सोय असल्यास तिची. आकडा किलोत असल्यास एका किलोत वरील मापाची किती पाकिटे बसतात तेही कळवावे.

३. कोऱ्या पाकिटाचे दहा नमुने व आपण पूर्वी छापलेल्या पाकिटाचे एक-दोन नमुने मिळू शकतील काय? त्यांचे मूल्य व टपालखर्च देण्याची आमची तयारी आहे. आमच्या स्वतःच्या चित्राचा नमुना मागणीपूर्वी पाहावयाचा झाल्यास त्याची पद्धत व खर्च काय पडेल?

४. पाकिटे खाद्यपदार्थ भरण्यास योग्य असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला आपणाकडे असल्यास त्याची प्रत.

५. मागणी निश्चित झाल्यापासून माल मिळण्यास लागणारा अवधी.

ही केवळ चौकशी असून मागणी नव्हे. नमुने पाहून व गटाच्या बैठकीत विचार करून आम्ही आपणास निर्णय कळवू. शक्य झाल्यास दि. २५ ऑक्टोबरपर्यंत उत्तर मिळावे, म्हणजे तुरीच्या हंगामापूर्वी आम्हास तयारी करता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
(सही, नाव)
सचिव

या पत्रातील काही शब्द मुद्दाम घातलेले आहेत. 'येथील व्यापाऱ्याकडून समजले' हे वाक्य ओळख करून देते. परंतु ते खरे असावे, कारण कारखानदार त्या व्यापाऱ्यास विचारू शकतो. माप सुचविण्याची विनंती ही नुसती नम्रता नव्हे. डाळीचा दाणा, तेलाचा हात व भरण्याची पद्धत यांवर माप थोडे बदलते, आणि रोज हेच काम करणाऱ्यास ते आपल्याहून अधिक कळते. 'ही मागणी नव्हे' हे वाक्य दोन्ही बाजूंच्या सोयीचे आहे. करार होण्यास एका बाजूचा प्रस्ताव व दुसरीची स्वीकृती लागते, हे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे मूलतत्त्व आहे. चौकशीपत्र म्हणजे प्रस्ताव नव्हे, आणि सामान्यतः दरपत्रकही नव्हे. तरीही हे स्पष्ट लिहिलेले असले म्हणजे नमुन्याबरोबर न मागितलेला माल व त्याचे बिल येऊन पडण्याचा प्रसंग टळतो.

पत्राची तारीख ऑक्टोबरच्या आरंभीची आहे, तीही सकारण. उत्तर येण्यास दोन-तीन आठवडे, नमुने पाहण्यास एक आठवडा, चित्र ठरविणे व सिलिंडर कोरणे यांस आणखी काही आठवडे, आणि मध्ये दिवाळीत कारखाने बंद. डिसेंबरात पत्र लिहिणाऱ्या गटाची डाळ तयार होऊन कट्ट्यांत पडून राहते.

पत्र टपालाने पाठविताना स्वतःच्या गावाचा पिन कोड विसरू नये. उदगीर शहराचा पिन कोड ४१३५१७ आहे, खेड्याचा आपल्या टपाल कार्यालयात विचारून घ्यावा, नाहीतर नमुन्याचे पाकीट भलत्याच ठिकाणी फिरत राहील. पोचीची खात्री हवी असल्यास स्पीड पोस्टने पाठवावे. पूर्वीची रजिस्टर टपालसेवा २०२५ मध्ये त्यातच विलीन झाली आहे. हेच पत्र ई-मेलने पाठविता येते. तेव्हा विषयाची ओळ विषयाच्याच जागी लिहावी आणि मजकुरात काटछाट करू नये. भ्रमणध्वनीवर 'पाऊच रेट पाठवा' असा तीन शब्दांचा संदेश धाडणे हा मात्र चौकशीचा प्रकार नव्हे. कारखाना हैदराबादेस असल्यास पत्र हिंदीत लिहावे. हिंदी फार शुद्ध नसली तरी चालेल, आकडे व मापे शुद्ध हवीत.

एकाच वेळी तीन कारखान्यांस पत्र पाठविण्यास हरकत नाही. तिन्ही पत्रांतील प्रश्न अगदी तेच ठेवावेत, म्हणजे उत्तरे ओळीने मांडता येतात. प्रत्येकाची प्रत जावक नोंदवहीत ठेवावी. पंधरा-वीस दिवसांत उत्तर न आल्यास 'आमचे दि. ६ ऑक्टोबरचे पत्र क्रमांक १४ आपणास मिळाले असावे' एवढी आठवण देणारे चार ओळींचे पत्र लिहावे. तक्रारीचा सूर नको. त्यासही उत्तर नसेल तर तो कारखाना सोडून द्यावा; जो चौकशीस उत्तर देत नाही तो तक्रारीस देईल अशी आशा कशावरून धरावी?

उत्तर आल्यावर त्यात प्रथम काय पाहावे? आपल्या पाच प्रश्नांपैकी कितींचे उत्तर आहे ते. किमान मागणीचा आकडा नसेल, नुसते 'कमी मालाचीही सोय होईल' असे असेल, तर तेवढाच प्रश्न पुन्हा विचारावा. पत्राच्या मथळ्यावर जीएसटी क्रमांक असतो. तो शासनाच्या जीएसटी संकेतस्थळावर घालून पाहिला की त्याच नावाने नोंदणी आहे काय व ती चालू आहे काय हे कळते. नमुना पाठविण्यापूर्वीच मोठी आगाऊ रक्कम, तीही कारखान्याच्या नव्हे तर एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर, मागितली गेल्यास पुढे जाऊ नये.

नमुन्यांची परीक्षा घरीच होते. दहाही कोरी पाकिटे एकत्र करून किराणा दुकानातील बारीक वजनाच्या काट्यावर ठेवावीत. वरील मापाची व जाडीची असतील तर ती ६४ ग्रॅमच्या आसपास भरतील. ५५ ग्रॅमच भरली तर आतला पदर ५० नव्हे, ४० मायक्रॉनच्या जवळ आहे असे समजावे. भाव नगावर असेल तर पातळ फिल्ममध्ये आपला तोटा आहे. भाव किलोवर असेल तर त्याच पैशांत नग अधिक येतात, पण पाकीट दुबळे पडते. दोन्ही प्रसंगी जाडीचा आकडा मागणीपत्रात लिहून घेणे आवश्यक.

मग पाच-सहा पाकिटांत प्रत्यक्ष डाळ भरून आपल्याच सीलिंग यंत्रावर जोड द्यावा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गावच्या डाळमिलच्या डाळीस तेलाचा हात असतो व तिच्याबरोबर चुणीची बारीक धूळही येते. भरताना ही धूळ पाकिटाच्या तोंडाशी बसली की जोड वरून धरलेला दिसतो, परंतु मधूनच सुटतो. म्हणून दोन पाकिटे तोंड पुसून जोडावीत व दोन न पुसता, आणि कंबरेइतक्या उंचीवरून, एकदा आडवी व एकदा काठावर, जमिनीवर टाकून पाहावीत. नंतर हाताने दाबून पाण्यात धरावे. बुडबुडे आले तर कोठून येतात ते पाहावे. न पुसलेल्या पाकिटांच्याच वरच्या जोडातून येत असतील तर दोष आपल्या भरण्याचा आहे, आणि डाळ चाळून घेतल्याने तो जाईल. पुसलेल्या पाकिटांच्याही वरच्या जोडातून येत असतील तर यंत्राची उष्णता कमी-अधिक करून पुन्हा पाहावे. कारखान्याने दिलेल्या बाजूच्या किंवा खालच्या जोडातून येत असतील तर दोष पाकिटाचा. हा भेद न करता पाकीट वाईट म्हणून परत करणारे गट पुढच्या कारखान्याच्या पाकिटांचीही तीच तक्रार करतात.

आता निर्णयाकडे वळू. आपल्या उदाहरणातील गटापुढे कोऱ्या पाकिटांची किमान मागणी २० किलो व छापील पाकिटांची २०० किलो असे उत्तर आले असे धरू. पहिल्या वर्षी या गटाने २० किलो कोरी पाकिटे घ्यावीत आणि वर कागदी लेबल लावावे, असे आमचे मत आहे. लेबल तालुक्याच्या ठिकाणच्या छापखान्यात हजार-दोन हजारांनी छापून मिळते व मजकूर बदलला तर नुकसान थोडे होते. मजकूर बदलण्याचा संभव कमी नाही. वेष्टित मालावर भरणाऱ्याचे नाव-पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, भरल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क असा तपशील २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांप्रमाणे द्यावा लागतो; शिवाय अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, घाण्याचा म्हणजे बॅचचा क्रमांक. यातील किंमत व महिना तर प्रत्येक भरणीस बदलणार, म्हणून त्यांची जागा कोरी ठेवून शिक्का मारावा. जेथे नोंदणी क्रमांकच अद्याप हाती नाही, तेथे ३१,००० पाकिटे छापून घेण्याचा विचार मनात आणू नये.

लेबलाच्या मजकुरासंबंधी आणखी एक सावधगिरी हवी. लातूर जिल्ह्यातील बोरसुरी तूरडाळीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नाव खपते हे पाहून उदगीरच्या डाळीवर बोरसुरी असे छापण्याचा मोह होतो. परंतु ते नाव त्या ठरलेल्या क्षेत्रातील व अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेल्या उत्पादकांसाठी आहे. आपल्या पाकिटावर आपल्या गावाचे नाव घालावे.

चार-पाच गटांनी मिळून एकच चित्र ठरविल्यास छापील पाकिटेही अगदीच आवाक्याबाहेर राहत नाहीत. पाच गटांची गरज वर्षाला १५,००० झाली, तर ३१,००० पाकिटे दोन वर्षांत संपतात. मात्र चित्रात भरणाऱ्या गटाच्या नाव-पत्त्याची जागा रिकामी ठेवून तेथे ज्याने त्याने आपले लेबल लावावयास हवे, आणि कोणी किती पाकिटे उचलावयाची हे पैसे भरण्यापूर्वी लिहून घ्यावे.

निर्णय काहीही होवो, ज्यांनी नमुने पाठविले त्या सर्वांस उत्तर द्यावे. ज्याच्याकडून घ्यावयाचे नाही त्यास 'आपले नमुने मिळाले, आभारी आहोत. या वर्षी आमची गरज आपल्या किमान मागणीपेक्षा कमी असल्याने मागणी देऊ शकत नाही' एवढे पुरे. पुढील वर्षी त्याच कारखान्यास लिहावयाचे झाल्यास हे पत्र उपयोगी पडते. आणि ज्याच्याकडून घ्यावयाचे, त्याच्या नमुन्यांपैकी दोन पाकिटे न वापरता, त्यांवर तारीख व दोन सभासदांच्या सह्या करून, त्याच्याच उत्तराच्या पत्राबरोबर फायलीत ठेवावीत. माल उदगीरला येऊन पडल्यावर गठ्ठ्यातील कोणतीही दहा पाकिटे काढून तोलावीत, आणि या राखून ठेवलेल्या दोहोंशी ताडून पाहिल्यावरच पोचपावतीवर सही करावी.